बस सहाला सुटेल, पण गोळी कधी घ्यायची?

पुण्याहून निघणाऱ्या अष्टविनायक यात्रेचा मेसेज बहुतेक वेळा असा असतो : ‘शनिवारी पहाटे 6 ला बस. आधार कार्ड, औषधे, पांघरूण सोबत घ्यावे. उशीर करू नये. मोरया!’ त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते आणि आयोजकाला वाटतं, सगळं कळवून झालं. पण चाळीस जणांतले निम्मे सत्तरीच्या आसपासचे असतील, तर कामाची गोष्ट सांगायची राहूनच गेलेली असते. ज्येष्ठांच्या सहलीत बसची वेळ, खोल्यांची वाटणी आणि औषधं या तीन वेगळ्या याद्या नसतात. गोळीच्या वेळेवर नाश्ता ठरतो, नाश्त्यावर बसचा थांबा ठरतो आणि रात्री गोळी कोण देतं यावर कोण कोणाच्या खोलीत हे ठरतं. म्हणून मेसेज लिहायला औषधांपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

समजा, एक शहात्तर वर्षांचे आजोबा आहेत. त्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि पायावर सूज येते म्हणून डॉक्टरांनी सकाळी लघवीची गोळी दिलेली आहे. घरी ते सातला उठतात, आठला नाश्ता करतात, नाश्त्याबरोबर साखरेची गोळी घेतात. सहाची बस म्हणजे ते साडेचारला उठणार. सवयीने चहाबरोबर सगळ्या गोळ्या घेऊन टाकणार आणि मोरगावला दर्शनाची रांग संपून नाश्ता हातात पडेपर्यंत साडेनऊ वाजणार. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही याची वाट बघत नाही. ती साखर उतरवत राहते. त्यातून यात्रा संकष्टीला जोडून असली, तर आजोबांचा उपासही असतो. मग दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस उगाच चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. बरोबरच्यांना वाटतं, बस लागली किंवा झोप झाली नाही. साखर 70 च्या खाली गेल्याची ही लक्षणं आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं आणि सावरल्यावर खायला घालायचं. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करायचा.

हे सगळं टाळायला मेसेजमध्ये दोन ओळी पुरतात : ‘नाश्ता बसमध्येच सकाळी 7.30 ला मिळेल. जेवणाआधी किंवा जेवणाबरोबर घ्यायची गोळी, इन्सुलिन त्या वेळेलाच घ्या, घरून घेऊन निघू नका.’ उपास करणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारून यावं, हेही चार दिवस अगोदर कळवायचं, आदल्या रात्री नव्हे.

लघवीच्या गोळीचं दुखणं वेगळंच. वाटेत सोय नसेल या धास्तीने कितीतरी ज्येष्ठ, विशेषतः बायका, त्या दिवशी गोळी गाळतात आणि पाणीही पीत नाहीत. फ्युरोसेमाइडसारखी गोळी तासाभरात काम सुरू करते आणि तिचा असर सहाएक तास राहतो, म्हणजे नेमका सकाळचा प्रवासच त्यात सापडतो. प्रवासाच्या दिवशी ती दुपारी घेतली तर चालेल का, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं. आयोजकाने एवढंच छातीठोकपणे लिहायचं : ‘दर दोन तासांनी बस स्वच्छतागृहापाशी थांबेल. त्याआधी लागली तरी सांगा, थांबवू.’ शेवटचं वाक्य वगळू नका. ते वाचलं की माणसं पाणी पितात.

खोल्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक सोपी वाटणी रूढ आहे : पुरुष एका हॉलमध्ये, बायका दुसऱ्या. भक्तनिवासात चार-पाच खाटांच्या खोल्या मिळतात, त्यामुळे हिशोबही पटकन जुळतो. पण आजोबांची रात्रीची गोळी कुठली, हे आजोबांना माहीत नसतं. ते आजींना माहीत असतं. गोळ्यांची पिशवी आजींच्या उशाशी आणि आजोबा दुसऱ्या मजल्यावर, अशी रात्र जाते. तेव्हा वाटणी करताना आधी एकच प्रश्न विचारावा : रात्री तुम्हाला औषध कोण देतं? त्या दोघांना एका खोलीत ठेवायचं आणि उरलेल्यांची जुळवाजुळव नंतर करायची. मग तळमजला आणि कमोड. गुडघे बदललेल्या माणसाला भारतीय पद्धतीचा संडास चालत नाही, आणि हे तो चारचौघांच्या ग्रुपवर लिहीत नाही. म्हणून ही माहिती फोनवर विचारायची आणि ग्रुपवर फक्त ‘खोली 3, तळमजला, कमोड आहे’ एवढं टाकायचं. कोणाला कसला आजार, हे चाळीस जणांना कळायचं कारण नाही. ते आयोजकाच्या आणि बसमधल्या आणखी एकाच्या वहीत असलं म्हणजे झालं.

औषधं डिकीत टाकायची नाहीत, हे सगळे सांगतात. का, ते कोणी सांगत नाही. उन्हात उभ्या बसची डिकी तापते आणि इन्सुलिन उष्णतेने निकामी होतं. बर्फाला चिकटून गोठलं तरी तेच. हातातल्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेलं बरं. मात्र लेण्याद्रीला हाच नियम थोडा बदलावा लागतो. गिरिजात्मजाचं मंदिर डोंगरातल्या लेण्यात आहे, तीनशेच्या आसपास दगडी पायऱ्या आहेत, आणि वाटेवरची माकडं हातातली पिशवी बघताबघता पळवतात. प्लास्टिकची दिसली तर खासच. तिथे गोळ्या कमरेच्या पाकिटात किंवा पदराआड हव्यात.

लेण्याद्रीसाठी स्वतंत्र मेसेज टाकावा, मुक्कामाच्या रात्री जेवणानंतर. ओझरला मुक्काम असेल तर अंतर थोडं आहे, उन्हाआधी चढून उतरता येतं. मेसेज असा : ‘उद्या सकाळी 6.30 ला नाश्ता, 7 ला बस सुटेल. पायऱ्या चढायच्या नसतील त्यांच्यासाठी पायथ्याशी डोली मिळते. हवी असेल त्यांनी आत्ताच सांगा. खालीच थांबणाऱ्यांसोबत आपल्यातले दोघे असतील.’ शेवटची ओळ नसली, तर खाली एकटं बसावं लागेल म्हणून छातीत धाप लागणारा माणूसही चढायला लागतो.

वेळ लिहिताना ‘शुक्रवारी रात्री 12.30’ असं कधीच लिहू नये. निम्मे लोक गुरुवारी जेवून येतात, निम्मे शुक्रवारी. ‘शुक्रवारी रात्री जेवून घरून निघा, तारीख बदलल्यावर अर्ध्या तासाने बस सुटेल’ हे लांबलचक वाटतं, पण गोंधळ होत नाही. ‘5.30 ला जमा, 6 ला बस’ अशा दोन वेळांपैकी सोयीची तेवढी लक्षात राहते, तेव्हा एकच द्यावी. वेळ बदलली तर नवा मेसेज टाकून जुना काढून टाकायचा आणि वर ‘मेसेज 2, आधीचा रद्द’ असं लिहायचं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना फोन करायचा आणि वेळ त्यांच्याकडूनच पुन्हा वदवून घ्यायची.

एक मेसेज मात्र जवळजवळ कोणीच टाकत नाही, तो परतीचा. पालीहून बस पुण्यात शिरते तेव्हा रात्रीचे दहा-अकरा वाजतात आणि थकलेली माणसं चौकात सामान घेऊन रिक्षा शोधत उभी राहतात. खोपोलीच्या चहाला थांबल्यावर थांब्यांचा क्रम आणि अंदाजे वेळ टाकावी, आणि ती ग्रुपवर नसलेल्या मुलासुनांनाही पाठवावी. एकट्याने राहणाऱ्यांना आधी सोडावं, दार उघडून आतला दिवा लागेपर्यंत बस हलवू नये, आणि रात्रीची गोळी कोणाची राहिली असेल तर ती त्या चहाबरोबरच्या खाण्यानंतर तिथेच देऊन टाकावी.