साडेचारचा छोटा काटा

गेल्या वर्षीच्या एका शनिवारी दुपारी दुसरीत शिकणारा माझा नातू आमच्या कापडाच्या दुकानात येऊन बसला होता. शेजारच्या गल्लीत साडेचार वाजता त्याचा चित्रकलेचा पहिला वर्ग होता. दुकानातील वही तपासताना मला वेळेचे भान राहत नाही, म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवण्याचे काम मी त्याच्याकडेच सोपविले. “साडेचार वाजले की मला सांग,” असे बजावून मी कामाला लागलो. मान वर केली तेव्हा पाच वाजत आले होते. विचारले तर तो रडवेला होऊन म्हणाला, “आजोबा, साडेचार वाजलेच नाहीत. मोठा काटा सहावर आला होता, पण छोटा काटा चारवर नव्हता. मी वाट बघत होतो.”

वर्ग तर चुकलाच. पण त्याहून मला लागले ते हे की, चूक त्याची नव्हती, माझी होती. आठ दिवसांपूर्वी मीच त्याला पुठ्ठ्याचे घड्याळ करून दिले होते आणि सरावासाठी एक कागदही आखला होता. त्या कागदावर मी साडेचारच्या चित्रात मोठा काटा सहावर आणि छोटा काटा बरोबर चारच्या अंकावर काढला होता. नातवाने तेच पाठ केले. खऱ्या घड्याळात मात्र तशी वेळ दिवसातून एकदाही येत नाही. साडेचार वाजता छोटा काटा चार सोडून पाचच्या अर्ध्या वाटेवर पोहोचलेला असतो. न येणाऱ्या वेळेची तो बिचारा अर्धा तास वाट पाहत राहिला.

ही चूक कागदी घड्याळाच्या रचनेतच दडलेली आहे. भिंतीवरील घड्याळात तबकडीच्या मागे दातेरी चाके असतात. ती दोन्ही काट्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. मोठ्या काट्याचा पूर्ण फेरा झाला की छोटा काटा एका अंकावरून पुढच्या अंकावर जातो, आणि मोठ्याचा अर्धा फेरा झाला की छोटा अर्धे अंतर चालतो. कागदी घड्याळात ही चाके नसतात. तेथे एकाच पिनेवर दोन काटे सुटे फिरतात आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. मूल मोठा काटा बारावरून सहावर नेते, छोटा आहे तिथेच राहतो आणि चुकीचे घड्याळ तयार होते. म्हणून शिकविणाऱ्याने पहिला नियम असा करावा की, काटे फिरवायचे ते दोन्ही हातांनी. मोठा काटा बारावरून सहाकडे सावकाश खाली जात असताना छोटाही चारकडून पाचकडे अर्ध्यापर्यंत सरकला पाहिजे. चाकांचे काम येथे आपल्या बोटांनी करावयाचे असते.

त्या शनिवारनंतर मी घड्याळ नव्याने केले. शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी कापली. तेवढाच गोल कागद एकदा अर्धा आणि पुन्हा अर्धा दुमडला की चार घड्या मिळतात. तेथे १२, ३, ६ आणि ९ हे अंक येतात. प्रत्येक दोन घड्यांमध्ये सारख्या अंतरावर दोन खुणा केल्या की उरलेले आठ अंक बसतात. अंक कडेजवळ लिहिले आणि मध्यापासून साडेपाच सेंटिमीटरवर आत एक वर्तुळ काढून त्यावर दर दोन अंकांच्या बरोबर मधोमध एक ठिपका दिला. हा ठिपका म्हणजे ‘साडे’चे घर. छोटा काटा लाल आणि पाच सेंटिमीटरचा केला, म्हणजे त्याचे टोक त्या ठिपक्यापाशी येते. मोठा काटा निळा आणि साडेसात सेंटिमीटरचा केला, म्हणजे तो अंकांपर्यंत पोहोचतो. काटे बसविण्यासाठी कागद अडकवायची दोन पायांची पितळी पिन चालते. पिन सैल राहिली तर घड्याळ उभे धरताच दोन्ही काटे घसरून सहावर लोंबतात, आणि मुलाने बरोबर लावलेली वेळही चुकलेली दिसते. तेव्हा काटे बोट लावल्यावर हलतील आणि बोट काढल्यावर थांबतील, इतपत पिन घट्ट असावी.

तथापि पिन बसविण्यापूर्वी मी आणखी एक गोष्ट केली. दुकानात वाढणाऱ्या मुलाला मीटरपट्टी परकी नसते. मी कागदाची एक लांब पट्टी घेतली, तिची बारा सारखी घरे पाडली, आरंभी शून्य लिहिले आणि प्रत्येक घराच्या शेवटी एक ते बारा अंक घातले. नातवाला म्हटले, “हे बारा मीटर कापड. साडेचार मीटर कुठे कापशील?” त्याने क्षणाचाही विलंब न लावता चार आणि पाच यांच्या मध्ये बोट ठेवले. “अडीच मीटर?” दोन आणि तीन यांच्या मध्ये. “दीड?” एक आणि दोन यांच्या मध्ये. मग मी ती पट्टी गोल वळवून बारा आणि शून्य एकावर एक चिकटविले आणि म्हणालो, “आता हेच घड्याळ. छोट्या काट्याने किती वेळ मोजली, ते मीटरसारखेच वाच.”

आपल्या भाषेने येथे मोठीच सोय करून ठेवली आहे. ‘साडेचार’ हा शब्द मूळचा घड्याळाचा नव्हे. तो चार आणि अर्धा या संख्येचा आहे. छोटा काटा साडेचार वाजता त्या संख्येवरच उभा असतो. त्यामुळे तास आणि अर्धा तास वाचण्यापुरता छोटा काटा एकटाच पुरेसा आहे. युरोपातील जुन्या मनोऱ्यांवरील घड्याळांना बहुधा एकच, म्हणजे तासाचा, काटा असे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स याने १६५६ साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि घड्याळे पुरेशी अचूक झाली, त्यानंतर मिनिटाचा काटा सर्वत्र रुळला. मूलही त्याच क्रमाने शिकले तर गोंधळत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस तबकडीवर फक्त लाल काटा ठेवला. तो चारच्या अंकावर असला की “चार वाजले”, किंचित पुढे असला की “चार वाजून गेले”, ठिपक्यावर असला की “साडेचार” आणि पाचच्या अगदी जवळ असला की “पाच वाजत आले”. हे सारे शब्द मुलाने घरात ऐकलेलेच असतात. तिसऱ्या दिवशी निळा काटा आला. त्याचे काम फक्त ताळा पाहण्याचे. लाल काटा अंकावर असेल तर निळा बारावर हवा. लाल ठिपक्यावर असेल तर निळा सहावर हवा. माझी उभी हयात बँकेत जमा आणि नावे यांचा मेळ घालण्यात गेली. येथेही तसेच आहे: दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर नोंद चुकली आहे.

सरावाच्या नव्या कागदावर मी आठच घड्याळे काढली. पहिल्या ओळीत ४, ९ आणि १२ हे पूर्ण तास. त्यांतील बाराला दोन्ही काटे एकावर एक येतात, आणि एकच काटा दिसल्याने मुले थबकतात. म्हणून ते ओळीत शेवटी ठेवले. दुसऱ्या ओळीत साडेतीन, साडेनऊ आणि अडीच. अडीच मुद्दाम घेतले, कारण ‘साडेतीन’ म्हणणारे मूल ओघात ‘साडेदोन’ म्हणते. तिसऱ्या ओळीत दोन अवघड घड्याळे. एक साडेसहाचे, जेथे दोन्ही काटे सहाच्या आसपास असतात. दुसरे साडेबाराचे. “दोन अंकांपैकी लहान अंक घ्यावा” असा सोपा नियम पुष्कळ ठिकाणी शिकविला जातो. तो अकरा ठिकाणी चालतो आणि साडेबाराला फसतो: बारा आणि एक यांत लहान अंक एक, म्हणून मूल ‘दीड’ लिहिते. त्याऐवजी “काटा कोणता अंक सोडून आला?” असे विचारावे. बारा सोडून आला, म्हणून साडेबारा.

तपासताना नुसती बरोबर-चूक अशी खूण करू नये. चुकीचे उत्तर काय आहे ते वाचावे. समजा, साडेतीनच्या घड्याळाखाली मुलाने ‘साडेचार’ लिहिले, तर ते पुढचा अंक पाहते आहे. त्याला पुन्हा पट्टीवर आणावे. ‘सहा’ किंवा ‘साडेसहा’ लिहिले, तर ते काटे ओळखण्यात चुकते आहे. त्याला आधी लाल काटा शोधायला सांगावे. ‘तीन वाजून सहा मिनिटे’ असे लिहिले, तर ते निळ्या काट्यासमोरचा अंक जसाच्या तसा वाचते आहे. त्याला निळा काटा बारापासून निघून अर्धा फेरा चालून आला आहे, हे फिरवून दाखवावे. तीन चुकांना तीन उपाय आहेत; एकच कागद पुन्हा पुन्हा सोडवून घेण्याने यांतील एकही सुटत नाही.

कागदाच्या तळाशी मी एक नववे चित्र जोडले. ते माझेच जुने चित्र: निळा काटा सहावर, लाल काटा बरोबर चारवर. खाली प्रश्न लिहिला, “हे घड्याळ कोठे चुकले?” नातवाने ते पाहिले, लाल पेन्सिल घेतली, चारवरील काटा खोडला आणि नवा काटा ठिपक्यावर काढला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “आजोबा, हे तुम्ही काढलं होतं ना?” मी होकार दिला.

सव्वा, पाऊण आणि पाच-पाच मिनिटे हा पुढचा भाग. तो एवढे पक्के झाल्यावरच घ्यावा. पुढच्या शनिवारी तो पुन्हा दुकानात बसला होता. मी वहीत गुंतलो असताना त्याने माझी बाही ओढली. “लाल काटा ठिपक्यावर आला,” तो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळाला लाल काटा नाही आणि ठिपकेही नाहीत. मी वर पाहिले. बरोबर साडेचार वाजले होते.