तिळाच्या एका लॉटचा माग : बॅच क्रमांक कोठे तुटतो आणि माघारीचा आवाका कसा ठरतो

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने भारतातून आलेल्या तिळामध्ये इथिलीन ऑक्साइड या वायूचे अवशेष आढळल्याची सूचना युरोपीय संघातील इतर देशांना दिली. हा वायू कीटक व सूक्ष्मजीव अशा दोहोंचा नाश करतो. परंतु तो कर्करोगकारक व जनुकांना अपायकारक असल्याने युरोपीय संघात अन्नधान्यावर त्याच्या वापरास अनेक वर्षांपासून मनाई आहे. तिळासाठी तेथील अवशेष मर्यादा किलोमागे केवळ ०.०५ मिलिग्रॅम आहे. काही नमुन्यांत ती शेकडो पटींनी ओलांडली गेली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये युरोपीय आयोगाने भारतीय तिळाच्या निम्म्या खेपांची सीमेवर तपासणी करण्याचा आणि प्रत्येक खेपेसोबत प्रयोगशाळेचा अहवाल व अधिकृत प्रमाणपत्र असण्याचा नियम लागू केला.

या घटनेतील लक्षणीय भाग मात्र सीमेच्या पलीकडे घडला. दोषयुक्त तीळ पोत्यांच्या रूपात राहिला नव्हता. तो पाव, बिस्किटे, मुसली, मसाल्यांची मिश्रणे अशा असंख्य पाकीटबंद पदार्थांत विखुरला होता. पदार्थात तिळाचे प्रमाण अल्प असले तरी तो बाजारातून परत मागवावा लागला. एका घटकाचा एक लॉट किती पाकिटांत शिरू शकतो याचे हे ठळक उदाहरण होय. वायुवीजनाने हा दोष जाईल अशी आशाही व्यर्थ होती. कारण इथिलीन ऑक्साइड धान्यातील क्लोराइडशी संयोग पावून २-क्लोरोइथेनॉल तयार करते, ते दीर्घकाळ टिकते आणि युरोपीय मर्यादेत या दोहोंची बेरीज मोजली जाते.

लॉट म्हणजे नेमके काय?

पाकिटावर बॅच क्रमांक असणे भारतातील वेष्टन व लेबलविषयक नियमांनुसार आवश्यक आहे, आणि बहुतेक उत्पादक तो छापतातही. परंतु छापलेला क्रमांक आणि उपयोगी क्रमांक यांत अंतर आहे. एकसारख्या परिस्थितीत, एकाच सलग प्रक्रियेतून तयार झालेला माल म्हणजे लॉट. हा समूह कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे यंत्राजवळ घडणाऱ्या कृतीवरून ठरते. शाई केवळ त्याची नोंद करते. यंत्रात जेथे दोन समूह मिसळतात, तेथे क्रमांक वेगळे असूनही लॉट एकच असतो.

हे पडताळण्यासाठी उदाहरणादाखल एक शेतकरी उत्पादक कंपनी विचारात घेऊ. तिच्याकडे खरिपाचा तीळ येतो. साफसफाई व प्रतवारी करून निर्यातदारासाठी ५०० ग्रॅमची पाकिटे भरली जातात. एकूण आवक ३०० क्विंटल आहे. ती १२ आवक लॉटमध्ये विभागलेली असून प्रत्येक लॉट २५ क्विंटलचा, म्हणजे ५० किलोच्या ५० पोत्यांचा आहे. प्रत्येक आवक लॉटची थप्पी वेगळी असून तिच्यावर गाव, शेतकऱ्यांची नावे, आवक दिनांक आणि धुरीकरणाची नोंद असलेली पाटी लावलेली आहे. प्रत्येक लॉटचा ५०० ग्रॅमचा राखीव नमुना बाजूला ठेवला आहे.

सफाई यंत्रातून दररोज चार आवक लॉट जातात. १०० क्विंटलमधून चार टक्के काडीकचरा व बारीक दाणा निघतो आणि ९,६०० किलो स्वच्छ तीळ उरतो. एका खोक्यात २४ पाकिटे, म्हणजे १२ किलो माल बसतो. १३, १४ व १५ ऑक्टोबर २०२५ अशा तीन दिवसांत सर्व माल भरला जातो. बॅच क्रमांकात वर्ष आणि वर्षातील कितवा दिवस हे येते. त्यामुळे तीन दिवसांचे क्रमांक `TL-25-286`, `TL-25-287` व `TL-25-288` असे होतात.

पहिल्या दिवशी ८०० खोकी भरली आणि कोठी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी आवक लॉट ५ ते ८ घेतले. ७९० खोकी, म्हणजे ९,४८० किलो भरून होताच काम थांबले आणि १२० किलो तीळ कोठीत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यावरच नवा ९,६०० किलो माल पडला व एकूण ९,७२० किलोची ८१० खोकी झाली. तीन दिवसांची बेरीज २,४०० खोकी.

मागे आणि पुढे

आता असे समजू की `TL-25-287` या क्रमांकाच्या एका पाकिटात अवशेष आढळले. पहिली पायरी मागे जाण्याची आहे. सफाई नोंदवहीवरून कळते की त्या दिवशी आवक लॉट ५, ६, ७ व ८ वापरले गेले. चारही राखीव नमुने प्रयोगशाळेत जातात आणि दोष लॉट ७ मध्ये असल्याचे स्पष्ट होते. थप्पीच्या पाटीवरून हेही उमगते की हा माल भाड्याच्या गोदामात थांबला होता आणि तेथे दुसऱ्याच कोणी धुरीकरण केले होते. राखीव नमुने नसते तर चारही लॉटचे शेतकरी संशयाच्या छायेत राहिले असते.

दुसरी पायरी पुढे जाण्याची. लॉट ७ आणखी कोठे गेला? येथे कोठीतील १२० किलो आडवे येतात. त्यांचा उल्लेख नोंदवहीत असेल तर `TL-25-288` हाही बाधित धरावा लागतो आणि १,६०० खोकी परत बोलवावी लागतात. उल्लेख नसेल तर कंपनी ७९० खोकी परत बोलावून निश्चिंत होते आणि दोषयुक्त मालाचा अंश दुकानांत तसाच राहतो. ही दुसरी स्थिती अधिक धोक्याची.

समजा लॉट ७ मध्ये किलोमागे १० मिलिग्रॅम अवशेष आहेत व इतर तीन लॉट निर्दोष आहेत. चार समान लॉट मिसळल्यावर सरासरी २.५ मिलिग्रॅम होते. ती मर्यादेच्या ५० पट आहे. मिसळण्याने दोष सौम्य झाला नाही, केवळ चौपट मालात पसरला. तिसऱ्या दिवशीच्या ९,७२० किलोंत त्यातील १२० किलो समप्रमाणात मिसळले असते तर सरासरी सुमारे ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत आली असती. परंतु कोठीत समप्रमाणात मिश्रण होत नाही. मधला माल आधी खाली येतो, भिंतीलगतचा मागे रेंगाळतो. त्यामुळे शिल्लक तीळ पहिल्या काही खोक्यांतच संपला असेल असे म्हणता येत नाही, की सर्वत्र सारखा पसरला असेल असेही नाही. सरासरीच्या आधारे `TL-25-288` ला निर्दोष ठरवणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

दुसऱ्या दिवसाअखेर हे १२० किलो काढून, पोत्यांत भरून, `TL-25-287` ची पाटी लावून वेगळे ठेवले असते तर माघार ७९० खोक्यांवर थांबली असती. प्रत्येक आवक लॉट स्वतंत्रपणे चालवून मध्ये कोठी व यंत्र रिकामे केले असते तर लॉट ७ च्या २५ क्विंटलमधून निघालेली केवळ २०० खोकी परत बोलवावी लागली असती. याउलट, सगळ्या हंगामाला एकच क्रमांक दिला असता तर २,४०० खोकी. दोष तोच, माल तोच. आवाका मात्र बारापट बदलतो.

लहान लॉटला अर्थातच किंमत आहे. प्रत्येक वेळी यंत्र थांबवून रिकामे करण्यात वेळ व थोडा माल खर्ची पडतो. म्हणून सर्वत्र सारखा नियम लावण्याचे कारण नाही. ज्या थप्पीचे गोदाम, धुरीकरण किंवा फवारणीचा इतिहास इतरांहून वेगळा आहे, ती स्वतंत्र चालवावी. ज्यांचा इतिहास समान आहे, त्या एकत्र घेता येतात.

साखळी कोठे तुटते?

प्रत्यक्षात साखळी बहुधा विक्रीच्या टप्प्यावर तुटते. पाकिटावर क्रमांक असतो, पण खोक्यावर नसतो. किंवा दोन्हींवर असतो, पण चलनावर केवळ ‘तीळ, ३०० खोकी’ असे लिहिलेले असते. मग कोणत्या वितरकाकडे कोणता क्रमांक गेला हे कोणालाच सांगता येत नाही आणि सर्वांनाच कळवावे लागते. भारतातील अन्न माघारीविषयक २०१७ च्या विनियमांनी वितरणाच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले आहे. युरोपीय कायद्याची अपेक्षा थोडक्यात अशी, की प्रत्येक व्यावसायिकाने माल कोणाकडून घेतला व कोणाला दिला ही एक पायरी मागची व एक पुढची नोंद दाखवावी. दुसरी तुटण्याची जागा परत आलेल्या मालाची. फाटकी पाकिटे उघडून तीळ पुन्हा कोठीत टाकला जातो, तेव्हा जुना लॉट नव्या क्रमांकाखाली दडतो.

ही तूट ओळखण्याचा मार्ग म्हणजे लटकी माघार. दुकानातून कोणतेही एक पाकीट घ्यावे, घड्याळ लावावे आणि केवळ नोंदींच्या आधारे मागे शेतकऱ्यापर्यंत व पुढे वितरकापर्यंत जावे. ब्रिटनच्या बीआरसीजीएस मानकात हे काम चार तासांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा आहे. सोबत वजनाचा ताळा घालावा. आपल्या उदाहरणात तो असा : आवक १०,००० किलो, त्यातून कचरा ४००, भरलेला माल ९,४८० आणि शिल्लक १२०. पुढे ७९० खोक्यांपैकी तीन वितरकांना ३००, २५० व १८० गेली, गोदामात ६० उरली. दोन्ही बेरजा जुळतात.

जेथे बेरीज जुळत नाही तेथे नोंद न झालेली वाट असते : सुटी विक्री, पुन्हा भरलेला माल किंवा कोठीतील शिल्लक. आणि जेथे बेरीज दररोज किलोपर्यंत तंतोतंत, कचऱ्याची टक्केवारीही रोज तीच, तेथे नोंदी काम चालू असताना झाल्या नसून सायंकाळी एकदम लिहिल्या गेल्या असाव्यात अशी शंका घ्यावी. विस्तार कार्यकर्त्याने गटाला भेट देताना नोंदवहीबरोबर कोठीतही डोकावावे. काम संपल्यावर तिच्यात किती माल शिल्लक आहे आणि त्यावर कोणत्या क्रमांकाची पाटी आहे, एवढे पाहिले तरी त्या गटाचा बॅच क्रमांक कितपत विश्वासार्ह आहे हे समजते.