रिकामी भिंत कुठून आणायची?

गेल्या वेळी आपण मास्क म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याचा एक उपयोग बघू. ट्रायपॉडवरून आपण एका जुन्या वाड्याच्या दरवाजाचं ८ सेकंदांचं चित्रण केलं, सेकंदाला २५ म्हणजे एकूण २०० फ्रेम. नेमका त्यातून एक गृहस्थ डावीकडून उजवीकडे चालत गेला. पहिल्या फ्रेममध्ये तो डाव्या टोकाजवळ आहे, शेवटच्या फ्रेममध्ये उजव्या टोकाजवळ. म्हणजे तो नाही अशी एकही फ्रेम आपल्याकडे नाही. मग रिकामी भिंत कुठून आणायची?

ती आपल्यापाशीच आहे, पण दोन तुकड्यांत. उजवी बाजू पहिल्या फ्रेममध्ये मोकळी आहे, डावी शेवटच्या फ्रेममध्ये. कॅमेरा हललेला नसल्यामुळे दोन्ही तुकडे जसेच्या तसे जुळतात. त्या जोडचित्राला क्लीन प्लेट म्हणतात.

आता शिवण कुठे घालायची? इथे माणसाइतकीच त्याची सावली महत्त्वाची. ऊन उजवीकडून येत असेल तर सावली डावीकडे पडते. शेवटच्या फ्रेममध्ये ती लांबत मध्यापर्यंत पोचली असेल, तर शिवण तिच्याही डावीकडे हवी. पण पहिल्या फ्रेममधल्या माणसाच्या उजवीकडेच. या दोहोंच्या मध्ये जागाच उरली नाही, म्हणजे तो दोनच पावलं चालला असेल, तर ही युक्ती संपली. त्याच्यामागची भिंत कॅमेऱ्याने कधी पाहिलीच नाही ना!

प्लेट झाली की ती मूळ चित्रणाखाली ठेवायची. माणूस आणि सावली यांच्याभोवती कडा मऊ असलेला मास्क करून तो त्यांच्याबरोबर सरकवायचा, आणि तेवढ्याच भागात प्लेट दिसू द्यायची. बाकीचं चित्र मूळचंच राहतं.

फसतं कुठे, तर दोन ठिकाणी. मधेच ढग आला तर उजेड बदलतो आणि माणसाच्या जागी एक फिकट डाग चालत जाताना दिसतो. तिथे प्लेटचा उजेड त्या त्या क्षणाच्या उजेडाशी जुळवावा लागतो. दुसरं म्हणजे, प्लेट एकाच क्षणाची, गोठलेली. आजूबाजूला चित्रातले बारीक कण सतत थरथरत असतात, आणि तेवढाच तुकडा निश्चल! थांबवलेल्या चित्रात हे कळत नाही. कॉन्ट्रास्ट वाढवून चालू चित्रात बघा, लगेच कळेल. उपाय म्हणजे त्या तुकड्यावर तशीच थरथरणारी कणी घालणं.

एवढं करून जे मिळतं, त्यातली भिंत खरी आहे, कॅमेऱ्याने पाहिलेली. पण ती संपूर्ण रिकामी होती असा क्षण मात्र या ८ सेकंदांत एकही नव्हता. सिनेमात हे चालतं. हेच चित्रण उद्या पुरावा म्हणून मागितलं गेलं, तर आपण मूळ २०० फ्रेमच द्यायच्या.