बाई मला मामी का म्हणतात?

"आजी, मी कुणाची मामी आहे?"

शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पाच वर्षांच्या नातीचा हा प्रश्न ऐकून आजीने मनात नात्यांचा हिशोब मांडला. मामी व्हायचं तर आधी लग्न हवं, मग नवऱ्याला बहीण हवी, आणि त्या बहिणीला मूल. "कुणाचीच नाहीस गं, का?" तर म्हणे, "बाई मला मामी म्हणतात. रोज."

हे कुटुंब न्यू जर्सीचं. मुलगी माझ्या मैत्रिणीची. घरात मराठी, रस्त्यावर इंग्रजी, आणि शाळेत आईबाबांनी हौसेने निवडलेली स्पॅनिश. अमेरिकेत अशा दोन भाषांच्या शाळा नव्या नाहीत. १९६३ साली मायामीतल्या कोरल वे शाळेत, क्युबातून आलेल्या निर्वासितांची मुलं आणि तिथली इंग्रजी बोलणारी मुलं दोन्ही भाषांत शिकू लागली, तेव्हापासूनची ही वाट आहे. आता अनेक ठिकाणी नव्वद-दहाची पद्धत असते. बालवर्गात नव्वद टक्के वेळ स्पॅनिश आणि दहा टक्के इंग्रजी. पुढे दर वर्षी इंग्रजी वाढवत दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्यावर आणायच्या. स्पॅनिशच्या तासाला बाई शक्यतो दुसऱ्या भाषेत शब्दही उच्चारत नाहीत. भाषांतर करून सांगितलं, तर मूल भाषांतराचीच वाट पाहत बसतं.

मग मुलांना कळतं कसं? बाई पुस्तक उंच धरतात आणि 'लिब्रो' म्हणतात. हाताने खाली बसायची खूण करत 'सिएंताते' म्हणतात. चार दिवसांत सगळी मुलं बसायला लागतात. वस्तू दाखवता येते, कृती करून दाखवता येते. लाडाची हाक मात्र कशाकडे बोट दाखवून शिकवणार? ती कुणी शिकवत नाही. बुटाची नाडी बांधताना, नाक पुसताना, रांगेत उभं करताना ती वाक्याच्या शेपटीला येते. आणि ज्या मुलाला अजून प्रश्न विचारण्याइतकी स्पॅनिश येत नाही, ते गप्प राहून आपल्या परीने अर्थ लावतं.

या मुलीने लावलेला अर्थ चुकीचा होता, पण तिच्या कानाने तिला फसवलं नव्हतं. स्पॅनिशमधला 'आ' आपल्या 'आ'सारखाच मोकळा असतो. तिथला 'त' दातांना जीभ लावून म्हणतात, इंग्रजीसारखा 'ट' नाही. 'प' म्हणताना इंग्रजीत शब्दाच्या आरंभी हवेचा जो झोत निघतो, तोही नसतो. त्यामुळे इंग्रजी ऐकत वाढलेल्या मुलाला जो शब्द परका वाटतो, तो मराठी मुलाला थेट घरचा वाटतो. बाई जे म्हणत होत्या ते खरोखरच, अक्षरशः, 'मामी' होतं.

दुसऱ्या आठवड्यात प्रकरण गंभीर झालं. मुलीच्या लक्षात आलं की बाई सगळ्याच मुलींना मामी म्हणतात. आणि मुलग्यांना? "पापी म्हणतात, आजी. सगळ्यांना." आजीच्या गोष्टींतून कंस आणि रावण ओळखीचे झालेले. एवढे सगळे पापी एकाच वर्गात, आणि बाई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतात, हे तिला काही केल्या पटेना.

उलगडा झाला तो शाळेच्या फाटकापाशी. शाळा सुटल्यावर वर्गातली एक मुलगी "मामी!" असं ओरडत धावत सुटली आणि एका बाईच्या कमरेला बिलगली. ती तिची आई होती. म्हणजे मामी म्हणजे आई, आणि पापी म्हणजे बाबा. एक कोडं सुटलं आणि त्यातून मोठं कोडं निघालं. बाई मला आई का म्हणतात?

बाई मूळच्या डोमिनिकन रिपब्लिकच्या. कॅरिबियन बेटांवरच्या स्पॅनिशमध्ये आणि कोलंबियासारख्या देशांतही आई लेकीला 'मामी' म्हणते आणि लेकाला 'पापी'. मूल ज्या शब्दाने मोठ्यांना हाक मारतं, तोच शब्द मोठी माणसं मुलाला परत करतात. भाषेचे अभ्यासक याला संबोधनाची उलटापालट म्हणतात. अरबी आया पोटच्या पोराला 'मामा' म्हणतात, बंगाली बाप मुलीला 'मा' म्हणतो. बाई जर मेक्सिकोच्या असत्या, तर बहुधा 'मिहा' म्हणाल्या असत्या. 'मी इहा', म्हणजे 'माझी लेक', याचं ते आखूड रूप. स्पेनच्या असत्या तर 'सिएलो', म्हणजे आकाश. त्यामुळे हाक ऐकून बोलणाऱ्याच्या गावाचा थोडाफार अंदाज बांधता येतो.

हे सगळं मुलीच्या आईने इंटरनेटवर वाचून समजावलं, पण पोरीला ते पटलं आजीच्या एका वाक्याने. "अगं, माझ्या धाकट्या भावाला आम्ही पाळण्यात असल्यापासून तात्या म्हणायचो." खरंच, आपल्याकडे दुपट्यातल्या बाळाला नाना, अण्णा, बापू म्हणायची केवढी पद्धत होती! मुलींच्या वाट्याला माई आणि अक्का यायच्या. हट्टाला पेटलेल्या पोराला आजही आपण "असं करू नको रे बाबा" म्हणतो, आणि तो आपला बाबा नाही हे कुणाच्या मनातही येत नाही. थोरल्या मुलीला आईवडीलही 'ताई' म्हणतात तो प्रकार थोडा वेगळा. तिथे धाकट्याच्या तोंडी तो शब्द बसावा म्हणून मोठे त्याच्या जागी उभे राहून बोलतात. वर्गातल्या मामीमागे असा काही हेतू नसतो, तो निव्वळ लाड असतो.

मात्र हा लाड कोण, कुणाचा आणि कुठे करतं, यावर सगळं अवलंबून आहे. पाच वर्षांच्या मुलीला तिच्या बाई मामी म्हणतात ते वेगळं, आणि रस्त्यात अनोळखी पुरुषाने तरुणीला मामी म्हणणं वेगळं. ती चक्क छेडछाड. स्पॅनिशमध्ये रंगारूपावरूनही लाडाच्या हाका आहेत. गोर्दो म्हणजे जाड्या, फ्लाको म्हणजे लुकड्या, नेग्रितो म्हणजे काळू. नवरा-बायको, मित्र एकमेकांना सर्रास असं म्हणतात, आणि तो माणूस जाड किंवा काळा असायलाच हवा असंही नाही. पण हद्द ओलांडली की अर्थ बदलतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा उरुग्वेचा खेळाडू एडिन्सन कावानी याने समाजमाध्यमावर एका मित्राचे आभार मानताना 'नेग्रितो' लिहिलं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंडांचा दंड केला. उरुग्वेतल्या भाषा अकादमीने त्यावर निषेध नोंदवला आणि हा आमच्याकडचा मायेचा शब्द आहे असं सांगितलं. मला दोन्ही बाजू समजतात. तो शब्द हजारो लोकांसमोर, इंग्रजी वाचणाऱ्यांच्या देशात लिहिला गेला होता, आणि मित्राच्या कानात तो जसा उतरतो तसा तिथे उतरणं कठीणच होतं.

त्यामुळे आईबाप शाळेत विचारायला गेले तर त्यात वावगं काही नाही. बाई ही हाक सगळ्यांना सारखीच मारतात का, रागावतानाही तीच असते का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. मैत्रिणीने विचारलं तेव्हा बाई आधी चपापल्या. मराठीत मामी कोण ते ऐकून हसल्या, आणि पापीचा अर्थ कळल्यावर त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

मुलगी आता रुळली आहे. घरी आजीलाच मामी म्हणून हाक मारते आणि आजी ओ देते. अडचण आहे ती वेगळीच. गेल्या महिन्यात तिचा काका तिला शाळेतून न्यायला आला. ती "काका!" असं ओरडत धावली आणि रांगेतली सगळी पोरं पोट धरून हसायला लागली. स्पॅनिशमध्ये लहान मुलं शी-ला 'काका' म्हणतात. काकाला तेव्हापासून शाळेच्या फाटकापाशी फक्त नावाने हाक मारली जाते, आणि वर ताकीदही मिळाली आहे की याबद्दल घरी तक्रार करायची नाही.