अर्धा तास चाललो, पण पावलं किती आणि कॅलरी किती?

साठ किलो वजनाची एक बाई जिममधल्या ट्रेडमिलवर ताशी ४.८ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालते, असं समजू. मनगटावर घड्याळ आहे, फोन ट्रेडमिलच्या कप्प्यात ठेवला आहे आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला आहे. चालणं संपतं तेव्हा ट्रेडमिल दाखवते २.४ किलोमीटर आणि १२९ कॅलरी. घड्याळात काही शे पावलं दिसतात आणि कॅलरीचा आकडा निराळाच. फोनच्या लेखी ती जागची हललेलीच नाही. यातलं एकही यंत्र बिघडलेलं नाही. प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी आहे, इतकंच.

घड्याळ आणि फोन, दोघांतही ॲक्सेलरोमीटर नावाची बारीकशी चिप असते. हालचालीचा वेग किती आणि कुठल्या दिशेने बदलतो, एवढंच तिला कळतं. पाऊल तिला दिसत नाही. एका ठरावीक तालात येणारे हेलकावे सापडले की आतला प्रोग्रॅम त्यांना पावलं म्हणतो. हात एकदाच हलला तर ते पाऊल धरलं जाऊ नये म्हणून बरेचसे प्रोग्रॅम सलग काही हेलकावे येईपर्यंत थांबतात. घरात चार पावलं स्वयंपाकघरात, तीन बाल्कनीत असं चालणं त्यामुळे बरंचसं हिशेबातून निसटतं. सावकाश, पाय घासत चालणाऱ्या वयस्कर माणसांची पावलंही कमी मोजली जातात, कारण त्यांच्या चालण्यात हेलकावाच क्षीण असतो.

घड्याळ मनगटावर असल्यामुळे पावलांचा अंदाज ते हाताच्या झोक्यावरून बांधतं. दांडा धरला की झोका थांबतो. मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना किंवा कडेवर मूल घेऊन चालतानाही हेच होतं. उलट पोळ्या लाटताना हात तालात हलतो, तेव्हा न चाललेली पावलं जमा होऊ शकतात. फोन मात्र पँटच्या खिशात असेल तर थेट मांडीबरोबर हलतो, म्हणून तिथला आकडा सहसा चांगला येतो. अडचण अशी की फोन सतत अंगावर नसतो. अनेक बायकांच्या कपड्यांना खिसाच नसतो. फोन पर्समध्ये, टेबलावर किंवा चार्जरला लागलेला राहतो. दिवसभराच्या पावलांसाठी म्हणूनच घड्याळ बरं, आणि हात मोकळे नसतील तेव्हा खिशातला फोन बरा.

ट्रेडमिलची गोष्ट वेगळी. पट्टा किती फिरला ते तिला ठाऊक असतं आणि त्यावरून ती अंतर काढते. पट्टा सैल पडून घसरत नसेल तर ट्रेडमिलवरच्या अंतरासाठी तिच्याच आकड्यावर विसंबावं. घड्याळ तिथे अंतराचा केवळ अंदाज करतं, कारण जागच्या जागी चालताना जीपीएसचा काही उपयोग नसतो.

आपलं यंत्र किती चुकतं हे घरबसल्या कळू शकतं. दर वेळी उजवा पाय टेकला की एक, असं शंभरपर्यंत मोजत चाला. दोनशे पावलं होतात. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा टिपून ठेवा. शेवटचा आकडा पाहण्याआधी मिनिटभर थांबा, कारण पडद्यावर तो उशिरा येतो. एकदा हात मोकळे सोडून आणि एकदा हातात पिशवी घेऊन हे केलं, की आपल्या यंत्राची खोड लक्षात येते. दोनशेच्या जागी १९० किंवा २१० आले तर रोजच्या वापराला ते पुरे आहे.

कॅलरीचं मात्र असं मोजून पाहता येत नाही. पावलं निदान मोजली तरी जातात. कॅलरी इथे कोणीच मोजत नाही, ती गणिताने काढली जाते. खरी मोजायची तर तोंडाला मास्क लावून शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते प्रयोगशाळेत बघावं लागतं. ट्रेडमिल सूत्र वापरते. सपाटीवर चालण्यासाठी प्रचलित सूत्र साधं आहे: मिनिटाला जितके मीटर चाललात त्याचा दहावा भाग, अधिक ३.५. येणारा आकडा म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला लागणारा ऑक्सिजन, मिलिलिटरमध्ये. आपली बाई मिनिटाला ८० मीटर चालते, म्हणजे ८ अधिक ३.५, एकूण ११.५. साठ किलोला मिनिटाला ६९० मिलिलिटर. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलरी धरतात, म्हणून अर्ध्या तासात १०३ कॅलरी होतात.

मग ट्रेडमिलने १२९ का दाखवल्या? तिने वजन भरलंच नव्हतं आणि यंत्राने स्वतःहून ७५ किलो धरलं होतं. शिवाय सूत्रातले ते ३.५ नुसतं बसून राहिलं तरी लागतातच. ते वजा केले तर चालण्यामुळे जास्तीच्या खर्च झालेल्या कॅलरी उरतात ७२. घड्याळात ‘टोटल’ आणि ‘ॲक्टिव्ह’ असे दोन आकडे दिसतात, त्यांतला फरक हाच. तेलाच्या एका पोळीत साधारण शंभर कॅलरी धरल्या, तर १२९ पाहून जास्तीची पोळी खाणाऱ्या बाईचा हिशेब त्याच दिवशी उलटा होतो.

चढ दिल्यावर चूक आणखी वाढते. याच वेगाला पाच टक्के चढ दिला की ११.५ चे १८.७ होतात, पण ते हात मोकळे ठेवून चढलं तर. दांड्याला लोंबकळून शरीराचा भार हातांवर घेतला, तर पायांचं काम हलकं होतं आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो.

घड्याळ हिरव्या उजेडाने त्वचेखालच्या रक्ताचे ठोके मोजतं आणि त्यांत वय, वजन, लिंग मिसळून कॅलरी काढतं. ठोके ते बऱ्यापैकी मोजतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात घड्याळं ६० लोकांवर तपासली, तेव्हा सातपैकी सहांची ठोक्यांतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं. याचं कारण ठोके आणि कॅलरी यांचं नातं पक्कं नसतं. उकाडा, चहा, अपुरी झोप, काळजी यांनी ठोके वाढतात, खर्च तेवढा वाढत नाही. उलट रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके औषधानेच दबलेले असतात, त्यामुळे घड्याळ त्यांचा व्यायाम कमी समजतं. अशांनी घड्याळातल्या ‘हार्ट रेट झोन’वरून व्यायामाचा जोर ठरवू नये, डॉक्टरांना विचारावं.

जिममधलं एकच यंत्र कॅलरीच्या बाबतीत जरा जास्त भरवशाचं आहे: वॅट दाखवणारी सायकल. ती तुम्ही पेडलवर लावलेली ताकद मोजते. शंभर वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल काम, म्हणजे ४३ कॅलरी. शरीर खर्चाच्या २० ते २५ टक्केच ऊर्जा कामात उतरवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून खरा खर्च १७२ ते २१५ कॅलरींच्या दरम्यान येतो. इथे वजनाचा अंदाजही करावा लागत नाही.

बाकी यंत्रांच्या कॅलरीकडे एकाच यंत्राच्या कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना करण्यापुरतं बघावं, आणि तिथेही एक गफलत होते. रोज तोच वेग ठेवून चालणाऱ्या माणसाचे ठोके काही महिन्यांनी, समजा १२५ वरून ११५ वर येतात. ट्रेडमिल पूर्वीइतक्याच कॅलरी दाखवते. काही घड्याळं मात्र कमी दाखवू लागतात, आणि मेहनत कमी पडतेय असं वाटून माणूस खट्टू होतो. खरं तर त्याच वेगाला हृदयाला आता कमी धावपळ करावी लागते आहे. वहीत लिहून ठेवायचा आकडा हा ठोक्यांचा आहे, शेजारी त्या दिवशीचा वेग आणि चढ यांच्यासकट.