मुक्कामी गाडीचा आवाज

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात मी ध्वनिमाध्यम शिकवतो. दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांनी चारचारचे गट करून एक पॉडकास्ट मालिका आखायची असते आणि तिचा निदान एक भाग पूर्ण करून द्यायचा असतो. गेल्या खेपेला एका गटाने विषय घेतला होता एसटीची मुक्कामी गाडी. रात्री शेवटच्या गावाला जाऊन तिथेच थांबणारी आणि पहाटे तिथूनच पहिली फेरी करणारी. विषय उत्तम होता. आराखडा मात्र असा होता की मी तो वाचून शांतपणे चहा मागवला.

आराखड्यात सहा भाग होते : एसटीचा इतिहास, मुक्कामी गाडीची संकल्पना, कर्मचाऱ्यांच्या समस्या, प्रवाशांच्या प्रतिक्रिया, तज्ज्ञांचे मत आणि समारोप. प्रत्येक भाग ४५ मिनिटांचा, स्वरूप ‘गप्पा’. आणि ‘लक्ष्य श्रोतावर्ग’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘मराठी समजणारे सर्व वयोगटातील श्रोते’. हे उत्तर मला दरवर्षी मिळतं. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. भाग किती लांबीचा, सुरुवात कुठून, काय समजावून सांगायचं, काय गाळायचं, यातलं काहीच नाही.

म्हणून मी त्यांना एकच माणूस उभा करायला सांगितला. गटातली एक मुलगी माणदेशातली. ती म्हणाली, “सर, माझा मोठा भाऊ.” वय २८, नोकरी हिंजवडीत. अकरावी-बारावीला तो याच पहाटेच्या गाडीने तालुक्याला जायचा. आता कंपनीच्या बसमध्ये जाताना-येताना पाऊण पाऊण तास कानात इअरफोन, आणि दर दुसऱ्या शुक्रवारी स्वारगेटवरून गावाकडे.

हा भाऊ पुढे बसवल्यावर आराखडा आपोआप ढासळू लागला. त्याला मुक्कामी गाडी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, म्हणजे दुसरा भाग गेला. १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, हे वाक्य पहिल्या भागाच्या अगदी तोंडाशी होतं. माहिती खरी आहे, पण ती त्याला दर वर्धापनदिनाला मोबाइलवर येते. लांबीही बदलली. कंपनीची बस ४५ मिनिटं घेते खरी, पण त्यातली पहिली दहा मिनिटं फोन आणि निरोपांत जातात, आणि शेवटी दार उघडायच्या आत भाग संपलेला बरा. बारा ते पंधरा मिनिटं ठरली. बस घाटात असताना फाइल अडकू नये म्हणून ती हलकी हवी, हेही त्यातूनच आलं. एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो आवाज आणि सेकंदाला ६४ किलोबिट ठेवले, तर १४ मिनिटांचा भाग सुमारे पावणेसात एमबीत बसतो. बोलण्यासाठी तेवढा दर्जा पुरतो.

मग स्वरूप. गप्पांचा कार्यक्रम सोपा वाटतो, कारण दोन माइक लावले की झालं. पण गप्पा रंगतात त्या बोलण्याची सवय असलेल्या माणसांच्या. निवृत्त वाहकाला खोलीत खुर्चीवर बसवून “आपल्या कार्यकाळाबद्दल काय सांगाल?” विचारलं, की तो सत्कार समारंभातलं बोलू लागतो. या विषयाला आवाजही फार आहेत : घंटीची दोरी, पत्रा थरथरवणारं इंजिन, पहाटे टपावर चढवलेली पाटी. तेव्हा निवेदन, जागेवरचे आवाज आणि मधूनमधून माणसांचं बोलणं असं स्वरूप घेतलं. याची किंमत मोजावी लागते. गप्पांचा एक भाग एका दिवसात निघतो. या पद्धतीत तयार झालेल्या एका मिनिटामागे या गटाचा सव्वा तास संकलनात गेला. सत्रात दहा आठवडे असतील तर हे आधीच मोजून घ्यावं.

विषयवार भाग पाडणं हे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचं वळण आहे. त्याऐवजी मालिका एका रात्रीच्या घड्याळावर बसवली : संध्याकाळी आगारातून निघणं, शेवटचं गाव, रात्र, पहाटेची फेरी आणि शेवटी जिथली मुक्कामी गाडी बंद झाली असं एक गाव. सहाचे पाच भाग झाले, आणि पुढच्या भागात काय याचं कुतूहल वेगळं निर्माण करावं लागलं नाही. गाडी कुठे पोचली, एवढंच पुरे.

पूर्ण करायला त्यांनी तिसरा भाग घेतला, रात्रीचा. त्याचा पहिला मसुदा “नमस्कार, मी आपली मैत्रीण…” असा सुरू होत होता. तो खोडला. नव्या मसुद्यात इंजिन बंद होतं. तापलेल्या पत्र्याची टिकटिक काही सेकंद ऐकू येते, मग रातकिडे. मग वाहकांचा आवाज : “आता ही कॅश मोजायची.” दिवसभराच्या तिकिटांचे पैसे उद्या आगारात भरायचे, आणि आज रात्र काढायची उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत. ती बॅग रात्री ठेवायची कुठे? हा प्रश्न पहिल्या मिनिटात पडतो आणि त्यानंतर मालिकेचं नाव येतं. उत्तर नवव्या मिनिटाला मिळतं : बॅग उशाला, पट्टा मनगटाला गुंडाळलेला. मधल्या आठ मिनिटांत गावातून येणारं जेवण, चालकाचं घोरणं, पावसाळ्यात गळणारी खिडकी हे सगळं ऐकवता येतं, कारण श्रोता बॅगेसाठी थांबलेला असतो.

निवेदन लिहिताना मुलं वर्तमानपत्राची भाषा आणतात. “सदर बस रात्री साडेनऊच्या सुमारास गावात दाखल होते” हे वाक्य डोळ्यांना खटकत नाही, कानाला खटकतं. “साडेनऊ वाजतात. गाडी पिंपळाखाली येऊन थांबते.” एवढं पुरतं. शांतपणे वाचलं तर मिनिटाला १२० ते १३० शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांच्या निवेदनाला साडेसहाशेच्या आत शब्द. आणि वाहक जे सांगणार आहेत ते निवेदिकेने आधी सांगून टाकायचं नाही. ही चूक इतकी सर्रास होते की मी आता तिला गुण कापतो.

ध्वनिमुद्रणात मात्र गट चांगलाच आपटला. नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय बोलायला लावून अडचणीत आणायचं नाही, म्हणून त्यांनी निवृत्त वाहक निवडले होते, हे शहाणपणाचं. पण ‘वातावरण यावं’ म्हणून मुलाखत बसस्थानकाच्या फलाटावर घेतली. ५२ मिनिटं. शेजारी एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी, वर कर्णा. ऐकताना सगळं छान वाटत होतं. कापायला घेतलं तेव्हा कळलं. वाहकांचं एक वाक्य सातव्या मिनिटातलं आणि पुढचं एकतिसाव्या मिनिटातलं जोडलं, की मागचं इंजिन एकदम गायब, आणि कर्ण्यावरची बाई “गाडी क्रमांक” म्हणून मध्येच तुटते. शब्द नीट जुळले तरी मागची जागा उडी मारते, आणि कान ती उडी लगेच पकडतो.

गोंगाट कमी करण्याची सोय ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती त्यांनी वापरून पाहिली. पंख्याच्या एकसुरी घरघरीवर ती थोडीफार चालते. इंजिन आणि माणसांच्या कालव्यावर जोर लावला, की बोलणारा माणूस विहिरीच्या तळातून बोलतोय असं वाटू लागतं. तिथे उपाय एकच : पुन्हा जाणं. दुसऱ्या खेपेला त्यांनी रीतसर विचारून, आगारात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत मुलाखत घेतली. खिडक्या बंद, सीटचा फोम आवाज शोषतो, घुमत नाही. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर थेट त्यावर बसत नाही. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या शब्दालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास, कारण माणूस हसला की ती उसळते आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. मुलाखत संपल्यावर एक मिनिट कोणीही न बोलता त्या गाडीतली नुसती शांतता नोंदवली. वाक्यांच्या जोडाखाली तीच अंथरायची असते. स्थानकाचा गजबजाट त्याच स्थानकावर वेगळा टिपला आणि हवा तिथे खाली ठेवला.

संकलन आधी कागदावर. सगळं बोलणं वेळेसकट उतरवून काढायचं आणि हवी ती वाक्यं अधोरेखित करायची. पडद्यावरच्या लाटा बघत कापायला बसलं, तर माणूस गोड आवाजाच्या मागे लागतो, अर्थाच्या नाही. इथे एक गोष्ट घडली. वाहक म्हणाले होते, “रात्रीची ड्यूटी नकोच वाटायची. पावसाळ्यात तर नकोच. पण उन्हाळ्यात टपावर झोपायचं, ते सुख घरी नाही मिळालं कधी.” आटोपशीर व्हावं म्हणून गटाने पहिलं वाक्य ठेवून बाकी कापलं. चार सेकंदांचं ते वाक्य धारदार होतं आणि खोटं होतं. मी ते पुरं ठेवायला लावलं.

बारीक कापाकापीत मुलं अति स्वच्छ होतात. प्रत्येक “म्हणजे”, प्रत्येक “काय होतं की” आणि प्रत्येक श्वास काढून टाकतात. मग माणूस न थांबता बोलणारी उद्घोषणा होतो. अडखळण्याने अर्थ हरवत असेल तरच कापावं. काप वाक्यानंतरच्या विरामात घ्यावा आणि पुढच्या वाक्याआधीचा श्वास त्या वाक्यालाच चिकटू द्यावा. एवढ्याने निम्मे जोड ऐकूच येत नाहीत.

शेवटी सर्व भागांचा आवाज एकाच उंचीवर आणायचा. मोनोसाठी उणे १९ आणि स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस ही पॉडकास्टची रुळलेली पातळी. पण मोजमाप बरोबर आलं म्हणून काम झालं नाही. भावाने कंपनीच्या बसमध्ये भाग ऐकला आणि सांगितलं की बॅग कुठे ठेवायचो ते उत्तरच ऐकू आलं नाही. वाहक तिथे हळू बोलले होते, जणू कोणी ऐकेल म्हणून. मुलांनी स्टुडिओच्या हेडफोनवर ती कुजबुज कौतुकाने जपली होती. तेवढं वाक्य चढवलं, खालचे रातकिडे उतरवले, आणि पुन्हा बसमध्येच तपासलं.

तयार भाग १३ मिनिटं ४० सेकंदांचा झाला. दुसऱ्या मुलाखतीतलं त्यात सव्वाचार मिनिटं आहे. उरलेलं सगळं बोलणं वाहकांनी पेनड्राइव्हवर मागून घेतलं.