शुक्रवारच्या मीटिंगसाठी पाचच आकडे

आठवड्याचा प्लॅन १०,००० नगांचा होता आणि उत्पादनही १०,००० नगांचं झालं. मीटिंगच्या पडद्यावर हिरवा गोल उमटतो, त्यात शंभर टक्के. तरीही डिस्पॅचचा माणूस कपाळाला हात लावून बसलेला असतो. प्लॅनमध्ये ५,००० फ्लँज आणि ५,००० हब होते. प्रत्यक्षात ६,५०० फ्लँज निघाले आणि ३,५०० हब. सेटिंग बदलायला तीन तास मोडतात, म्हणून शिफ्टने चालू असलेली फ्लँजची बॅच तशीच पुढे रेटली. दीड हजार फ्लँज आता गोदामात पडून राहतील आणि दीड हजार हबांसाठी ग्राहकाचे फोन येतील. पडद्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

साप्ताहिक रिव्ह्यूचा डॅशबोर्ड बिघडतो तो बहुधा असा. सॉफ्टवेअर सहज देतं ते सगळं पडद्यावर चढतं: वीस-बावीस आकडे, गाडीच्या स्पीडोमीटरसारख्या तबकड्या, रंगीत पाय चार्ट. तासाभराच्या मीटिंगमधली चाळीस मिनिटं आकडे वाचण्यात जातात आणि निर्णयाची वेळ येते तेव्हा चहा येतो. म्हणून सुरुवात चार्टपासून न करता प्रश्नापासून करावी. खोलीत बसलेल्यांपैकी कुणीतरी येत्या सहा दिवसांत ज्यावर काही करू शकेल, तेवढेच प्रश्न घ्यायचे. महिन्याचं वीजबिल किंवा मालाचा साठा महत्त्वाचा असला तरी त्याची जागा मासिक बैठकीत. दर तासाचं उत्पादन लाइनवरच्या फळ्यावर शोभतं. तिथली अडचण शुक्रवारपर्यंत थांबत नाही.

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम मशीनिंग कारखान्याचं उदाहरण धरू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण अडचणी नेहमीच्या आहेत. इथे औद्योगिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे कारखान्याचा आठवडा शुक्रवारी सकाळी सुरू होतो आणि बुधवारच्या रात्रपाळीबरोबर संपतो. संगणकाचा सोमवार ते रविवार हा आठवडा जसाच्या तसा घेतला, तर सुट्टी मधोमध येते आणि प्लॅनचा आठवडा एक, आलेखाचा दुसरा अशी गत होते. तेव्हा पहिलं काम म्हणजे आठवडा कुठून कुठे मोजायचा ते ठरवणं आणि ते प्रत्येक आलेखाखाली एका ओळीत लिहून ठेवणं.

पहिला प्रश्न: ग्राहकाला माल वेळेवर आणि पुरता मिळाला का? डिलिव्हरी शेड्यूलच्या ४० ओळींपैकी ३४ ओळींचा माल ठरल्या दिवशी, ठरल्या संख्येने गेला, तर आकडा ८५ टक्के. यासाठी गेल्या तेरा आठवड्यांची साधी रेषा काढावी. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. घसरण एकाच आठवड्याची आहे की हळूहळू चालली आहे, ते त्यात दिसतं. खरी मेख आहे ती तारखेची. उशीर होणार असं दिसलं की मार्केटिंगचा माणूस ग्राहकाला फोन करून तारीख पुढे ढकलून घेतो. मग सुधारित तारखेने मोजलं की तोच आठवडा ४० पैकी ३९ म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के होतो. मोजायचं ते ग्राहकाने मुळात मागितलेल्या तारखेनेच. सुधारित तारीख हवी तर शेजारी लिहावी, पण रेषा तिची काढू नये.

दुसरा प्रश्न सुरुवातीच्या फ्लँज आणि हबचा: जे ठरलं होतं, तेच बनवलं का? इथे प्रत्येक भागाचं उत्पादन त्याच्या प्लॅनपुरतंच मोजायचं. फ्लँज ६,५०० झाले तरी धरायचे ५,०००, हब धरायचे ३,५००. बेरीज ८,५००, म्हणजे ८५ टक्के. जादा उत्पादनाला श्रेय नाही, एवढ्या एका नियमाने शंभरातले पंधरा टक्के गळाले आणि डिस्पॅचच्या माणसाची तक्रार आकड्यात उतरली.

यासाठी आडव्या पट्ट्या काढाव्यात, प्रत्येक भागाची एक, आणि तिच्यावर प्लॅनची उभी खूण. सर्वांत मोठी तूट असलेला भाग सर्वांत वर. तबकडी किंवा पाय चार्ट इथे नको, आणि त्याला कारण आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली प्रयोगांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. माणसाची नजर एकाच पट्टीवरच्या जागा अचूक जोखते. कोन आणि क्षेत्रफळ जोखताना चुका वाढतात, असं त्यात दिसलं. तबकडी आणि पाय चार्ट दोन्ही कोनावर चालतात. शिवाय तबकडीला जागा लागते टेबलाएवढी आणि ती सांगते एकच आकडा. पट्ट्यांबाबत एकच पथ्य: त्यांची मोजपट्टी शून्यापासून सुरू झाली पाहिजे. ती ८० पासून सुरू केली, तर ८५ची पट्टी ९५च्या पट्टीच्या एक तृतीयांश दिसते आणि नसलेलं संकट उभं राहतं.

तिसरा प्रश्न रिजेक्शनचा, आणि मीटिंगचा वेळ सर्वांत जास्त वाया जातो तो इथे. आपल्या कारखान्याचे गेल्या बारा आठवड्यांचे टक्के असे आहेत: १.६, १.३, १.७, १.४, १.५, १.८, १.४, १.६, १.३, १.५, १.७, १.२. तेराव्या आठवड्यात आकडा आला १.७. कुणीतरी कॅल्क्युलेटर काढतो: “गेल्या आठवड्यापेक्षा रिजेक्शन चाळीस टक्क्यांनी वाढलं!” क्वालिटीच्या माणसाकडून खुलासा मागवला जातो, आणि खुलासा मागितला की तो मिळतोच. बारचा लॉट खराब होता, नवा ऑपरेटर होता, इन्सर्ट बदलला होता. यातलं काहीही त्या वाढीचं कारण असेलच असं नाही.

बेल कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शेवार्ट यांनी १९२४ साली यावर उपाय मांडला, तो कंट्रोल चार्ट. आठवड्याच्या आकड्यांसाठी त्याचा एक सोपा प्रकार पुरतो आणि तो वहीतही करता येतो. बारा आकड्यांची सरासरी काढा. ती येते १.५. मग प्रत्येक आठवडा आणि त्याच्या पुढचा आठवडा यांतला फरक घ्या, चिन्ह सोडून द्या: ०.३, ०.४, ०.३, ०.१ असे अकरा फरक मिळतात. त्यांची सरासरी साधारण ०.२९. तिला २.६६ने गुणलं की ०.७७. हे सरासरीत मिळवलं की वरची सीमा २.२७, वजा केलं की खालची ०.७३. आता रेषा काढा, मध्ये सरासरी, वर-खाली या दोन सीमा.

या चार्टवर तेराव्या आठवड्याचा १.७ आरामात आत बसतो. ही प्रक्रिया आहे तशी चालली, तर ती इतकी वर-खाली होणारच. त्या आठवड्यापुरतं वेगळं कारण शोधण्यात अर्थ नाही. चौदाव्या आठवड्यात २.४ आला असता, तर मात्र काहीतरी वेगळं घडलं असं धरून त्याच दिवशी शोध घ्यावा लागला असता. सलग आठ आठवडे सरासरीच्या एकाच बाजूला राहिले, तरी काहीतरी बदललं आहे असं समजावं. पण एक गोष्ट चार्ट सांगत नाही: दीड टक्का रिजेक्शन चांगलं की वाईट. ते ग्राहक आणि खर्च ठरवतात. दीड टक्का परवडत नसेल, तर या आठवड्याला दोष देऊन उपयोग नाही. टूल, फिक्श्चर किंवा पद्धत बदलावी लागेल. आणि ती खरोखर बदलली, सरासरी खाली आली, की सीमा नव्याने काढायच्या. दर आठवड्याला नव्या सीमा काढत बसलं, तर चार्ट बिघाडालाही सवयीचा भाग मानू लागतो.

चौथा प्रश्न: मशीनचा वेळ कुठे गेला? इथे बरेच कारखाने ओईई हा एकच आकडा लावतात. मशीन किती वेळ उपलब्ध होतं, किती वेगाने चाललं आणि किती माल चांगला निघाला, या तिन्हींचा तो गुणाकार. एका लाइनवर हे प्रमाण ९०, ८० आणि ९८ टक्के असेल, तर ओईई येतो ७०.५६. दुसरीवर ७५, ९६ आणि ९८ असेल, तरी येतो ७०.५६च. पहिलीचा त्रास वेगाचा आहे, दुसरीचा ब्रेकडाऊनचा. आकडा मात्र दोघींना एकाच रांगेत बसवतो. वर्षभराची तुलना करायला ओईई ठीक आहे, पण सोमवारी मेंटेनन्सने कुठल्या मशीनपाशी उभं राहायचं ते तो सांगत नाही.

त्यासाठी पॅरेटो चार्ट हवा: कारणांच्या पट्ट्या, मोठ्यापासून लहानापर्यंत, मिनिटांत. हायड्रॉलिक गळती २४० मिनिटं, टूलची वाट पाहणं १५०, वीज ९०, सेन्सर ६०, इतर ६०. सहाशेपैकी ३९० मिनिटं पहिल्या दोन कारणांत गेली. एका आठवड्यात एखादा मोठा ब्रेकडाऊन सगळं चित्र पालटवतो, म्हणून गेल्या चार आठवड्यांची बेरीज घ्यावी. मिनिटांशेजारी किती वेळा थांबलं तेही लिहावं. सेन्सरने साठच मिनिटं खाल्ली, पण अठरा वेळा थांबवलं असेल, तर ऑपरेटरचा जीव तोच खातो. आणि ‘इतर’ची पट्टी वाढू लागली की समजावं, शिफ्टच्या शेवटी अंदाजाने लॉग भरला जातो आहे. तिथे आधी नोंद सुधारावी, मशीन नंतर.

पाचवा प्रश्न सुरक्षेचा, आणि मीटिंगमध्ये तो सर्वांत आधी घ्यावा. ‘शेवटच्या अपघातानंतर इतके दिवस’ हा फळा दिसायला छान, पण आकडा मोठा झाला की तो मोडू नये म्हणून बोट चिरलेलं लपवलं जातं. त्याऐवजी महिन्याच्या ३१ चौकटींचा सेफ्टी क्रॉस लावावा: घटना नाही तर हिरवा, थोडक्यात वाचलो तर पिवळा, इजा झाली तर लाल. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं प्रत्येक मोठ्या कारखान्यात असतात, म्हणून चौकटीत अक्षरही लिहावं. पिवळ्या चौकटी वाढल्या म्हणून कुणाला झापू नये. माणसं सांगू लागली आहेत, असाही त्याचा अर्थ असतो. सगळा महिना हिरवाच दिसला, तर मात्र शॉप फ्लोअरवर एक फेरी मारावी.

हे पाचही एका ए-थ्री कागदावर किंवा एका पडद्यावर मावतात. प्रत्येकाखाली तीन गोष्टी हव्यात: मोजायची व्याख्या, आकडा कुठून घेतला ते, आणि उत्तर देणाऱ्या माणसाचं नाव. विभागाचं नाव चालणार नाही. मीटिंग संपताना कुठल्या आलेखावरून कुठला निर्णय झाला, ते टिपून ठेवावं. सलग आठ शुक्रवार ज्या आलेखावरून एकही प्रश्न निघाला नाही, तो काढून टाकावा, मग तो मालकांच्या आवडीचा का असेना. आणि सहावा आकडा लावायचा हट्ट कुणी धरलाच, तर त्याला एवढंच विचारावं: या पाचांतला कुठला काढू?